फोन घेणाऱ्या नव्या मुलांसाठी सहा प्रश्नांचा कागद

प्रश्न: आमचं मुलुंडला छोटं इंटरनेट ऑफिस आहे. फोनवर चार नवीन मुलं-मुली बसवली आहेत. ती कंप्लेंट अर्धवट लिहितात, मग लाईनमन जागेवर जाऊन हात हलवत परत येतो. ग्राहकाकडून राहिलेली माहिती काढून घेण्यासाठी प्रश्नांचा एक छोटा स्क्रिप्ट द्यावा म्हणते. तो कसा बनवायचा आणि मुलांना कसा शिकवायचा?

उत्तर:

स्क्रिप्ट लिहायला फोनच्या टेबलावर बसू नका, आधी लाईनमनसोबत बसा. मी सोळा वर्षं मुंबईत इंटरनेट आणि केबलच्या ऑफिसांत फोनवरची मुलं तयार करते आहे. माझा पहिला स्क्रिप्ट एकोणीस प्रश्नांचा होता आणि तो मी एकटीने, ऑफिसात बसून लिहिला होता. नेटच्या डब्याची कंपनी, मोबाइलचा मॉडेल, घरात किती माणसं नेट वापरतात, सगळं त्यात होतं. पंधरा दिवसांत मुलांनी अर्धे रकाने अंदाजाने भरायला सुरुवात केली, कारण सातव्या-आठव्या प्रश्नाला समोरचा माणूस चिडायचा. लाईनमनचा फुकट फेरा काही वाचला नाही.

मग मी दोन लाईनमनना चहावर बसवलं आणि एवढंच विचारलं, 'निघण्याआधी तुम्हाला काय कळलं असतं, तर तुम्ही वेगळं काही केलं असतं?' वेगळं म्हणजे वेगळं सामान घेतलं असतं, वेगळ्या वेळी गेला असता, किंवा गेलाच नसता. ज्या उत्तराने या तिन्हीपैकी काहीच बदलत नाही, तो प्रश्न स्क्रिप्टमधून काढायचा. एकोणीसचे सहा झाले ते असे. तुमच्याकडेही हे बसणं करा. माझे सहा प्रश्न पुढे देते आहे, पण ते तुमच्या लाईनमनच्या तोंडून आले, तर मुलं ते मनापासून विचारतील.

१. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे आणि कुठल्या सोसायटीत, कुठल्या विंगमध्ये?
२. नेट शेवटचं व्यवस्थित कधी चाललं होतं?
३. घरातल्या सगळ्या मोबाइलवर बंद आहे, की एकावरच?
४. डब्याजवळ उभं राहून सांगा, किती दिवे लागलेत आणि कुठल्या रंगाचे?
५. काल-परवात घरात काही हलवलं, खोदलं, रंगवलं का?
६. माणूस येईल तेव्हा घरी कोण असेल, किती ते कितीपर्यंत? डक्टची किल्ली कोणाकडे?

शब्दांचा विचार इथे जपून केलेला आहे, म्हणून दोन-तीन ठिकाणी थोडं थांबते.

दुसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी 'कधीपासून बंद आहे?' असा विचारतात. त्यावर माणूस सांगतो 'सकाळपासून', आणि त्याचा खरा अर्थ असतो 'माझ्या सकाळी लक्षात आलं'. नेट बंद पडलेलं असतं आदल्या रात्री. 'शेवटचं व्यवस्थित कधी चाललं' असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. रात्री मालिका पाहिली होती, मुलाने झोपताना गेम खेळला होता, असं काहीतरी निघतं. त्या दोन वेळांच्या मधे जे घडलं, त्यातच बहुधा कारण असतं, म्हणून पाचवा प्रश्न दुसऱ्याला जोडून येतो.

चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'एलओएस लाल आहे का?' असं विचारू नका. ग्राहकाला एलओएस कळत नाही, आणि अडलेला माणूस तुम्ही जे सुचवाल त्याला 'हो' म्हणतो. त्याने पाहायचं आणि सांगायचं, अर्थ आपण लावायचा. फायबरच्या डब्यावर आपल्या कामाचे मुख्य दिवे तीन. पॉवरचा दिवाच नसेल, तर प्रश्न अडॅप्टरचा, स्विचचा किंवा एक्स्टेन्शन बोर्डाचा असतो. पॉनचा दिवा स्थिर असेल, तर डबा आपल्या एक्सचेंजच्या यंत्राशी जोडलेला आहे. तो लुकलुकत राहिला, तर डब्याची तिथे नोंदणी होत नाही. आणि एलओएस लाल झाला, म्हणजे फायबरमधून प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. वायर तुटली असेल, फार वाकली असेल, किंवा जोड निघाला असेल. या एका उत्तरावर लाईनमन ठरवतो की पिशवीत अडॅप्टर टाकायचा, की पॉवर मीटर आणि जोडणीचं मशीन घ्यायचं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांवर दिव्यांची जागा आणि कधी रंगही वेगळे असतात. म्हणून तुम्ही जे दोन-तीन मॉडेल देता, त्यांचे फोटो मोठे करून प्रत्येक टेबलासमोर चिकटवा. मूल फोटोकडे बघत बोललं की 'वरून तिसरा दिवा बघा' असं सांगू शकतं.

एक क्रम इथे मोडायचा नाही. दिवे आधी विचारायचे, डबा बंद-चालू करायला नंतर सांगायचं. नवीन मूल घाईने म्हणतं, 'डबा बंद करून चालू करा.' तेवढ्यात दिवे बदलतात, पुरावा जातो आणि त्याच संध्याकाळी तीच कंप्लेंट परत येते. आणि 'रिसेट करा' हे शब्द तर तुमच्या ऑफिसात बोलूच देऊ नका. ग्राहक टाचणी शोधतो, मागच्या छोट्या भोकात खुपसतो आणि डब्यातलं लॉगिन, वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं. पाच मिनिटांचं काम तासाभराचं होतं. कागदावर अक्षरशः असं लिहा: 'स्विच बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा.' आणि डब्यामागची ती बारीक फायबरची पिन काढून बघायला कोणालाही सांगायचं नाही. पुन्हा लावताना टोकाला धूळ बसते, आणि त्यातून येणारा लेझर डोळ्याला दिसत नसला तरी टोकात डोळा घालून बघणं धोक्याचं आहे.

पहिल्या प्रश्नात मुंबईची एक अडचण आहे ती म्हणजे विंग. फोनवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात आणि लाईनमन बी विंगच्या चौथ्या मजल्यावर चढून भलत्याच घराची बेल वाजवतो. आमच्याकडे मुलं स्टेशनांची नावं वापरतात. 'बी बोरिवलीचा, की डी दादरचा?' असं विचारलं की काका-काकू क्षणात उत्तर देतात. परळचा पी, ठाण्याचा टी, चर्चगेटचा सी, सगळं पाठच असतं. पत्त्याबद्दल एवढंच पुरे, बाकी नंबरवरून स्क्रीनवर दिसतं. मात्र कनेक्शन बऱ्याचदा मुलाच्या किंवा घरमालकाच्या नावावर असतं, म्हणून 'तुमचा नंबर सांगा' एवढ्यावर थांबू नका. आणि ओळख पटवायला ओटीपी किंवा पासवर्ड कधीच मागायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आपण तो मागत नाही हे ग्राहकालाही कळू दे.

आता शिकवायचं कसं. इथे बहुतेक ऑफिसं चुकतात ती एकाच गोष्टीत. मुलाला वाटतं, सहा प्रश्न आहेत म्हणजे सहा विचारायचे. मग ग्राहक पहिल्या वाक्यात 'काल रात्रीपासून सगळ्यांच्याच मोबाइलवर बंद आहे' म्हणतो आणि मूल तरीही विचारतं, 'सगळ्या मोबाइलवर बंद आहे का?' समोरच्याला वाटतं, हा ऐकतच नाही. म्हणून शिकवायचं आहे ते प्रश्न विचारणं नव्हे, रिकामं काय राहिलं ते ओळखणं. सहा जागांचा एक कागद द्या. माणसाला पहिला अर्धा मिनिट बोलू द्यायचं, मधे बोलायचं नाही, तो जे सांगेल ते त्या-त्या जागी लिहायचं. तो थांबला की कागदाकडे बघायचं आणि रिकाम्या जागांचेच प्रश्न विचारायचे. बहुतेक वेळा तीन किंवा चार उरतात.

हे फोनवर शिकवू नका. पहिला दिवस फोन न देता घालवा. जुन्या पंधरा-वीस रेकॉर्डिंगमधून ग्राहकाचा पहिला अर्धा मिनिट ऐकवा, थांबवा, आणि म्हणा, 'कागद भरा. काय मिळालं, काय राहिलं?' रेकॉर्डिंग नसेल, तर लाईनमनलाच ग्राहक करा. तो हुबेहूब करतो, त्याने ही माणसं रोज पाहिलेली असतात. एकाला चिडलेला काका करा, दुसऱ्याला लोकलमधून बोलणारी मुलगी, तिसऱ्याला हिंदीत, चौथ्याला गुजराती मिसळून बोलणारे शेठ. कागद मराठीत असला तरी मुलाने प्रत्येक प्रश्न हिंदीत दोनदा म्हणून पाहिलेला असला पाहिजे, नाहीतर ऐन फोनवर 'डब्बे के पास जाके लाइट देखो' एवढंच निघतं आणि 'कितने और कौन से रंग के' राहून जातं.

दुसऱ्या दिवशी एकेकाला लाईनमनबरोबर पाठवा. डक्ट कसा असतो, त्याची किल्ली वॉचमनकडे नसली की काय होतं, सेक्रेटरी ऑफिसातून येईपर्यंत लाईनमन जिन्यात किती वेळ बसतो, हे एकदा पाहिलं की सहावा प्रश्न कोणी विसरत नाही. मी दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं, ते एका मुलीला पावसात गच्चीवर उभं राहून झालं. तिसऱ्या दिवसापासून खरे फोन, शेजारी जुनं माणूस दुसरा हेडफोन लावून. चार-पाच दिवस पुरतात.

एक फोन तपशिलात सांगते, कारण कागदाचा उपयोग त्यातूनच कळतो. एका पावसाळ्यात दुपारी चारला मुलुंड पूर्वेहून एक काकू बोलत होत्या. पलीकडे आमची आठ दिवसांची मुलगी.

'अहो, सकाळपासून नेट नाही. नातीची परीक्षा आहे ऑनलाइन. दोनदा फोन केला तुम्हाला, कोणी येतच नाही!'

मुलीने मधे तोंड उघडलं नाही, ते बरं केलं. कागदावर तिने लिहिलं: पूर्ण बंद, सकाळी लक्षात आलं, आधी दोन कंप्लेंट. मग म्हणाली, 'काकू, परीक्षा आहे ना, मी लगेच बघते. चार गोष्टी विचारते, म्हणजे माणसाला नीट सांगून पाठवता येईल.' कनेक्शन कोणाच्या नावावर? मुलाच्या, तो पुण्याला असतो. नंबर काकूंना पाठ नव्हता. मुलीने सोसायटीचं नाव आणि 'बोरिवलीचा बी' असं पक्कं करून स्क्रीनवर घर शोधलं. तिथेच सकाळच्या दोन्ही कंप्लेंट सापडल्या. दोन्हींत एवढंच लिहिलं होतं, 'नेट बंद'. आणि लाईनमनची नोंद होती, 'साडेबारा वाजता गेलो, दाराला कुलूप'. काकू नातीला शाळेतून आणायला गेल्या होत्या. कोणी येत नाही ही त्यांची तक्रार आणि कोणी घरी नाही ही आमची नोंद, दोन्ही खरं होतं. सहावा प्रश्न सकाळी विचारला असता, तर हा फेरा वाचला असता.

'काकू, डबा जिथे आहे तिथे जाता येईल? सावकाश जा, मी थांबते.' मिनिटभर शांतता. मग, 'दोन हिरवे आहेत, आणि एक लाल, चमकतोय.' मुलीने फोटो पाहिला: पॉवर चालू, एलओएस लाल. आपल्या स्क्रीनवर पाहिलं, त्याच इमारतीतले बाकीचे डबे चालू होते. म्हणजे रस्त्यावरची किंवा डक्टमधली मोठी वायर ठीक, बिघाड या एका घराच्या वायरीत. 'शेवटचं कधी व्यवस्थित चाललं होतं?' काल रात्री जेवणानंतर मालिका पाहिली होती. 'त्यानंतर घरात काही हलवलं का?' काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. 'पाहुणे झोपायला होते म्हणून सोफा भिंतीला सरकवला.'

लाईनमनच्या मोबाइलवर गेलं ते असं: 'बी विंग, पॉवर चालू, लाल दिवा, इमारतीत बाकी ठीक, काल रात्री सोफा सरकवल्यावर बंद, सहापर्यंत काकू घरी, डक्ट लागणार नाही.' तो मीटर आणि जोडणीचं सामान घेऊन गेला. सोफ्याच्या पायाखाली वायर चेपून मुडपली होती. फायबर काच आहे, तांब्याच्या तारेसारखी वाकवून सरळ होत नाही. त्याने चेपलेला तुकडा कापला, पुढच्या चांगल्या वायरीला नवीन टोक लावलं, मीटरवर प्रकाश नीट येतो आहे हे पाहिलं आणि सोफ्यामागून वायर वर घेऊन खिळ्यांच्या क्लिपात बसवली. अर्ध्या तासात निघाला. फोन साडेतीन मिनिटांचा होता, त्यातला एक मिनिट काकूंच्या चालण्याचा.

त्या फोनमध्ये मुलीने एक गोष्ट चुकवली होती, ती मी तिला नंतर दाखवली. तिसरा प्रश्न विचारलाच नव्हता. लाल दिवा असल्यावर सगळ्या मोबाइलवर बंदच असणार, म्हणून न विचारणं बरोबरच होतं, पण तिने त्या जागी 'सगळ्यांवर' असं लिहून टाकलं होतं. हे मी कधीच चालवून घेत नाही. माझ्या कागदावर प्रत्येक जागेत उत्तराखेरीज दोन खुणा चालतात. 'विचारलं, माहीत नाही' याला म, आणि 'विचारलं नाही' याला रिकामी जागा. लाईनमनसाठी या दोन्हींत फार फरक आहे. म दिसलं की तो जाणतो, घरी जाऊन स्वतः बघायचं. रिकामं दिसलं की तो निघण्याआधी स्वतः फोन करतो. पण अंदाजाने भरलेली जागा दिसली, तर तो तिच्यावर विश्वास ठेवून चुकीचं सामान नेतो. मुलं हे आळसाने करत नाहीत, रिकाम्या जागेबद्दल ओरडा बसेल या भीतीने करतात. म्हणून पहिल्या महिन्यात रिकाम्या जागेबद्दल कोणालाही बोलू नका. फक्त अंदाजाबद्दल बोला.

फोन ठेवण्याआधी लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. 'काकू, बी विंग, लाल दिवा, सहापर्यंत तुम्ही घरी, बरोबर?' चुकीची विंग इथेच सापडते. कंप्लेंट नंबरही इथेच द्या. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तो द्यायचाच असतो, आणि नंबर हातात असला की दुसऱ्या फोनला माणूस सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत बसत नाही.

एका परिस्थितीत हा कागद बाजूला ठेवावा लागतो. रस्ता खोदताना मोठी वायर तुटली की दहा मिनिटांत चाळीस फोन येतात. तेव्हा सहा प्रश्न विचारत बसलात तर लाइन अडून बसते. पाचव्या-सहाव्या फोनला एकाच भागातून लाल दिवा आला की जुन्या माणसाने मोठ्याने सांगायचं, 'तुटलंय', आणि मुलांनी फक्त इमारत आणि दिव्याचा रंग एवढेच दोन प्रश्न ठेवायचे. नेमकं कुठे तुटलं हे त्या इमारतींच्या यादीवरूनच लाईनमनला कळतं. काम झाल्यावर ज्यांचा लाल दिवा गेला नाही, त्यांना मात्र आपण उलटा फोन करून पूर्ण सहा प्रश्न विचारायचे. तुटलेल्या वायरीच्या आड त्यांचा स्वतःचा वेगळा बिघाड लपलेला असतो आणि तो दोन-दोन दिवस कोणाला दिसत नाही.

कागद चालतो आहे की नाही, हे फोनवरच्या गोड आवाजावरून ठरवू नका. दर शनिवारी आठवड्यातल्या कुठल्याही वीस कंप्लेंट काढा आणि लाईनमनना शेजारी बसवा. किती ठिकाणी त्यांना निघण्याआधी ग्राहकाला पुन्हा फोन करावा लागला, किती ठिकाणी दुसरा फेरा पडला, आणि का, एवढंच मोजा. पुन्हा फोन एकाच कारणासाठी तीनदा झाला असेल, तर तो प्रश्न नीट विचारला जात नाही किंवा त्याचे शब्द चुकलेत. आमच्याकडे 'घरी कधी असाल?' याला लोक 'आहे ना, घरीच आहे' म्हणायचे. 'किती ते किती?' केल्यावर ते थांबलं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर महिनाभर कोणी वापरलंच नसेल, तर तो काढा आणि नवीन घालायचा असेल तर त्याच जागी घाला. सहाचे सात होऊ देऊ नका. नवीन कागदावर तारीख टाका आणि जुने सगळ्या टेबलांवरून, खणांतूनही, त्याच दिवशी गोळा करा. नाहीतर सहा महिन्यांनी एकेका टेबलावर वेगळा स्क्रिप्ट चालू असतो आणि लाईनमनला कंप्लेंट वाचून आधी ओळखावं लागतं, फोन कोणी घेतला होता.